नवीन क्लायंट घेताना कोणतं काम कोणाचं, हे रेसी चार्टने कसं ठरवायचं?

प्रश्न: आमची अकाउंटिंग फर्म सहा जणांवरून अठरा जणांवर गेली. नवीन क्लायंट आला की कागदपत्रं कोणी मागवायची, ओपनिंग बॅलन्स कोणी तपासायचे यावर दर वेळी गोंधळ होतो. रेसी चार्ट, म्हणजे ओळींत कामं, रकान्यांत भूमिका आणि चौकटीत जबाबदारीचं अक्षर असा तक्ता, केला, पण सगळ्या ओळींत ‘ए’ पार्टनरकडेच आला आणि काहीच बदललं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: पार्टनरचं नाव सगळीकडे येतं, कारण चार्टमधल्या ओळी फार मोठ्या असतात. ‘क्लायंट ऑनबोर्डिंग’ किंवा ‘जुन्या अकाउंटंटकडून हँडओव्हर’ अशी ओळ लिहिली की तिचं उत्तर फर्मच्या मालकाशिवाय दुसरं कोण देणार? ओळ इतकी लहान हवी की ती पूर्ण झाली की नाही, हे फाइल उघडून एका मिनिटात सांगता यावं.

रेसीची चार अक्षरं आधी पक्की करून घ्या. आर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा. ए म्हणजे काम झालं नाही किंवा चुकीचं झालं तर ज्याला विचारायचं तो. ‘हे पूर्ण झालं’ असं म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. सी म्हणजे काम संपण्याआधी ज्याचं मत घ्यायलाच हवं तो. आय म्हणजे ज्याला फक्त कळवायचं तो. एका ओळीत आर दोन असू शकतात, ए मात्र एकच. दोन ए ठेवले की दोघंही समोरच्याने पाहिलं असेल असं धरून चालतात, आणि तुमचा गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो.

तुम्ही ओपनिंग बॅलन्सचं नाव घेतलंच आहे, तर तेच उदाहरण नीट पाहू. ऑनबोर्डिंगमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक बहुतेक वेळा इथेच होते.

क्लायंटच्या सॉफ्टवेअरमधला मागच्या वर्षअखेरचा ट्रायल बॅलन्स आणि सही झालेली वार्षिक खाती जुळतीलच असं नाही. आधीच्या अकाउंटंटने घसारा, देणं असलेले पण बिल न आलेले खर्च, स्टॉकची दुरुस्ती अशा वर्षअखेरच्या नोंदी स्वतःच्या वर्किंग पेपर्समध्ये केलेल्या असतात, पण क्लायंटच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कधीच टाकलेल्या नसतात. तुमचा ज्युनियर सॉफ्टवेअरमधले आकडे तसेच पुढे ओढतो. डेबिट-क्रेडिट जुळतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. वर्षअखेरीला खाती तयार करताना मागच्या वर्षाचा शिल्लक नफा छापील खात्यांशी लागत नाही, तेव्हा प्रकार उघडकीला येतो. तोवर जुना अकाउंटंट फोन उचलायचा बंद झालेला असतो.

यात आळशी कोणीच नव्हतं. ऍडमिनने कागद ‘मागवले’, ज्युनियरने आकडे ‘भरले’, सीनियरला वाटलं मॅनेजरने तपासलं असेल. ‘जुळवणे’ हे काम कोणाच्याही नावावर नव्हतं. म्हणून ‘हँडओव्हर’च्या एका ओळीऐवजी तीन ओळी करा:

१. जुन्या अकाउंटंटला क्लायंटच्या लेखी संमतीसह पत्र पाठवणे आणि यादीतली सगळी कागदपत्रं फाइलला लावणे. आर: ऍडमिन. ए: क्लायंट मॅनेजर. आय: सीनियर अकाउंटंट.

२. ओपनिंग बॅलन्स सॉफ्टवेअरमध्ये भरणे. आर: ज्युनियर. ए: सीनियर अकाउंटंट.

३. भरलेले बॅलन्स सही झालेल्या खात्यांशी खातेनिहाय जुळवून फरकाचा कागद फाइलला लावणे. आर: सीनियर अकाउंटंट. ए: क्लायंट मॅनेजर. सी: टॅक्स पाहणारा सहकारी. आय: पार्टनर, फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच.

पहिल्या ओळीतली यादी चार्टला जोडूनच ठेवा: अंतिम ट्रायल बॅलन्स, जनरल लेजर, वर्षअखेरच्या दुरुस्तीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर, येणी-देणी पक्षनिहाय आणि शेवटचं भरलेलं रिटर्न. दुरुस्तीच्या नोंदी वेगळ्या मागितल्या नाहीत तर त्या सहसा येत नाहीत.

दुसऱ्या ओळीत भरणारा आणि तिसऱ्या ओळीत जुळवणारा वेगळे आहेत, हे मुद्दाम. किरकोळ कामात आर आणि ए एकच माणूस असला तरी चालतं. इथे चालत नाही, कारण स्वतः भरलेला आकडा स्वतः तपासताना डोळा तीच चूक पुन्हा गाळतो.

आता एक रकाना जो बहुतेक चार्टमध्ये नसतो: क्लायंट स्वतः. बँक फीडची परवानगी, कर खात्याच्या पोर्टलवरचा ऍक्सेस, ओळखीची कागदपत्रं ही कामं क्लायंटच करू शकतो, म्हणून तिथे आर त्याचाच. पण ए कधीही क्लायंटला देऊ नका. ‘क्लायंटने पाठवलं नाही’ म्हणून फाइल तीन आठवडे पडून राहते, कारण पाठपुरावा कोणाचा हे लिहिलेलं नसतं. ओळीतच लिहून टाका की दोन स्मरणपत्रांनंतर मॅनेजर फोन करेल आणि तरीही हललं नाही तर पार्टनरला कळवेल.

मग पार्टनरकडे ए कुठे ठेवायचा? क्लायंट स्वीकारायचा की नाही (हितसंबंधांची आणि ओळखीची तपासणी झाल्यावर), आणि कामाची व्याप्ती व फी ठरवून एंगेजमेंट लेटरवर सही, एवढ्या दोनच ठिकाणी. या दोन ओळी बंद झाल्याशिवाय पुढची एकही सुरू करायची नाही, हा नियम कडक ठेवा. पार्टनरने बैठकीत ‘पेरोलही आम्हीच बघू’ असं तोंडी कबूल केलेलं असतं आणि पेरोलच्या माणसाला ते पगाराच्या आठवड्यात कळतं. म्हणून एंगेजमेंट लेटरच्या ओळीत पेरोलला सी द्या. नुसता आय दिला तर त्याला सही झाल्यावर कळेल आणि तोवर पगाराची तारीखही क्लायंटला सांगून झालेली असेल.

बाकी ठिकाणी सी देताना हात आखडता घ्या. ज्याचं मत आल्याशिवाय काम खरंच थांबवणार असाल, त्यालाच सी. मान राखायचा म्हणून दिलेला सी काम अडवतो. आय लिहिलात तर काय कळवायचं आणि कधी, हेही लिहा.

चार्ट कोणा एकाने बसून भरू नका. पंधराच्या आसपास ओळी लिहून रकाने कोरे ठेवा आणि त्या कामांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला आपापला कागद, इतरांशी न बोलता, भरायला द्या. मग सगळे कागद शेजारी मांडा. जिथे तिघांनी तीन वेगळे ए लिहिलेत किंवा कोणीच स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, त्याच ओळींवर बैठकीत बोला. जिथे एकमत आहे तिथे वेळ घालवू नका. रकान्याच्या डोक्यावर माणसाचं नाव नको, भूमिका लिहा. कोणती भूमिका कोणाकडे आणि तो रजेवर असला तर कोण, ही यादी प्रत्येक क्लायंटच्या फाइलवर वेगळी ठेवा.

शेवटी उभे रकाने मोजा. एकाच मॅनेजरकडे पंधरापैकी अकरा ए आले असतील तर अडचण अस्पष्टतेची नाही, माणसं कमी पडण्याची आहे, आणि ती चार्टने सुटणार नाही. चार्ट तारखाही सांगत नाही, म्हणून प्रत्येक ओळ तुमच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदतीसह टास्क म्हणून टाका आणि ती ‘पूर्ण’ करण्याचं बटण फक्त ए असलेल्यालाच द्या. पुढच्या दोन-तीन क्लायंटांवर हे चालवून बघा. एखादी ओळ ए सोडून दुसराच कोणीतरी सतत ओढून नेत असेल, तर ती त्याच्या नावावर करा किंवा तिचे आणखी दोन तुकडे पाडा.