'स्ट्रक्चरल ब्रेक' म्हणजे खंड की सांधेबदल?

प्रश्न: कालमालिकेतल्या 'स्ट्रक्चरल ब्रेक'ला 'संरचनात्मक खंड' म्हटलेलं वाचलं. हा शब्द बरोबर आहे का? आणि त्यामुळे पुढचे अंदाज कसे बिघडतात?

'खंड' मला पटत नाही. पावसात खंड पडतो तेव्हा पाऊस थांबतो. इथे आकडे येतच राहतात, फक्त ते ज्या नियमाने येत होते तो नियम बदलतो. 26 जुलै 2005 च्या पावसात ठाण्याच्या लोकल बंद पडल्या आणि मग पुन्हा सुरू झाल्या, तो खंड. मी 'सांधेबदल' म्हणेन: रुळांचा सांधा बदलला तरी गाडी धावतेच, पण दुसऱ्या मार्गाने.

बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. समजा, त्याच पट्ट्यातल्या एका बसला आधी रोज 1000 प्रवासी मिळत आणि मेट्रोनंतर 700 मिळू लागले (आकडे केवळ उदाहरणासाठी). नऊ महिने जुने आणि तीन नवे धरून वर्षाची सरासरी काढली तर पुढचा अंदाज येतो 925. प्रत्यक्षात 700च येतात. ताज्या महिन्याला 0.2 वजन देणारी घातांकी सरासरी वापरली, तरी तीन महिन्यांनी ती 854 च्या आसपासच असते. ओळखायची खूण हीच: चुका एकदा वर, एकदा खाली अशा न पडता सलग एकाच बाजूला पडतात.

बदलाची तारीख आधीच ठाऊक असेल तर चाऊ चाचणी पुरते. तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळी समीकरणं बसवायची, आणि एकाच समीकरणापेक्षा चुकांच्या वर्गांची बेरीज पुरेशी घटते का ते पाहायचं. तारीख ठाऊक नसेल तर प्रत्येक महिन्याला हीच चाचणी लावून तिची सर्वांत मोठी किंमत घेतात. इथे हमखास चूक होते. इतक्या ठिकाणी शोधल्यावर कुठेतरी मोठा आकडा योगायोगानेही सापडतो. म्हणून, समीकरणातला एकच गुणक बदलत असेल तर, पाच टक्क्यांच्या पातळीवर नेहमीची 3.84 ही सीमा चालत नाही. ती साधारण 8.7 धरावी लागते.

शिवाय या शोधात मालिकेची दोन्ही टोकं, बहुधा 15-15 टक्के, वगळतात, कारण तिथे एका बाजूला आकडे फार थोडे उरतात. साठ महिन्यांच्या मालिकेत शेवटचे नऊ महिने असे तपासाबाहेर जातात, आणि अंदाजासाठी नेमके तेच महत्त्वाचे असतात. तिथे चुकांची चालती बेरीज ठेवावी. ती शून्याभोवती न फिरता एकाच दिशेने सरकू लागली की संशय घ्यावा.

सांधेबदल सापडल्यावर जुने आकडे सरसकट टाकून द्यावेत असंही नाही. ते टाकले की एकाच बाजूची चूक जाते, पण तीन महिन्यांवर उभा केलेला अंदाज एखाद्या सणाच्या महिन्यानेही डळमळतो. बदल 1000 वरून 700 इतका मोठा असेल तर मी जुनी पातळी सोडेन आणि सणासुदीचे चढउतार मात्र जुन्याच आकड्यांतून घेईन. बदल 1000 वरून 970 एवढाच असेल, तर जुने आकडे ठेवूनच अंदाज बहुधा कमी चुकतो.