फोटोतल्या कॅलेंडरवरून तारीखवार यादी

रावेरला आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर केळीच्या गाड्यांच्या वेळा लिहिल्यात. ऑगस्ट २०२६ च्या पानाच्या फोटोवरून यादी केली, पण ३० तारखेची गाडी पहिल्या आठवड्यात का येते?

कारण या कॅलेंडरांत वार डावीकडे उभे असतात, तारखा वरून खाली उतरतात. १ ऑगस्टला शनिवार. म्हणून पहिल्या उभ्या रांगेच्या वरच्या मोकळ्या चौकटींत ३० आणि ३१ छापतात. चौकटींचा क्रम मोजू नका, छापलेला मोठा आकडाच घ्या. मग स्प्रेडशीटमध्ये वार पडताळा:

```
=WEEKDAY(DATE(2026,8,30))
```

उत्तर १, म्हणजे रविवार. चौकट रविवारच्या ओळीत हवी.

'गाडी दु. ४' म्हणजे १६:००. नुसतं '४' दिसलं तर वेळ रिकामी ठेवून आईला विचारा. ते दुधाचे लिटरही असतील.