सामू सारखा, चुना सारखा नाही

प्रश्न: लाल जमीन आहे, सामू ५.२ आला. सोयाबीन करायचं आहे. एकरी किती चुना टाकू?

नुसत्या ५.२ वर कुणी तुम्हाला पोत्यांचा आकडा सांगत असेल तर तो अंदाजाने बोलतोय. याच आकड्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं, अण्णाचं, तीन वर्षं बिनसलं होतं.

आमची जमीन खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. दोन तुकडे आहेत. वरचा माळ हलका, जांभ्याचा. खालचा तुकडा ओढ्याकाठी, चिकण मातीचा, रानातला पालापाचोळा वर्षानुवर्षं साचून काळपट झालेला. दोन्हीकडे सामू ५.२. विक्रेत्याने एकरी दहा पोती सांगितली, अण्णाने दोन्ही तुकड्यांत दहा-दहा पोती टाकली. "सामू एकच हाय न्हवं? मग चुना बी तेवढाच."

वर सोयाबीन बरं आलं. खाली पिवळंच राहिलं. फुलोऱ्याच्या वेळी मी दोन्हीकडची रोपं मुळासकट उपटून बांधावर ठेवली. माळावरच्या मुळांना भरपूर गाठी होत्या, नखाने फोडल्या की आत गुलाबी. खालच्या रोपाला पाच-सहा बारक्या गाठी, आत पांढरट. म्हणजे नत्र बांधलंच जात नव्हतं. अण्णाने निकाल दिला, "चुन्यानं काय हुईत न्हाई." मी म्हटलं चुना कमी पडला. पण तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही तुकड्यांची माती परत दिली आणि बफर सामू मागून घेतला. विहिरीचं उदाहरण घ्या. दोन विहिरींत पाण्याची पातळी सारखी, पण एकीला जिवंत झरा आहे. उपसायला लागल्यावरच फरक कळतो. पाण्यातला सामू म्हणजे पातळी. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या अंगाला धरून बसलेली आम्लता म्हणजे झरा. प्रयोगशाळेत पाच ग्रॅम मातीत पाच मिली पाणी घालून आधी साधा सामू बघतात, मग त्यातच ७.५ सामूचं एसएमपी नावाचं दहा मिली बफर द्रावण घालून हलवतात, थोडं थांबून पुन्हा सामू बघतात. माती बफरला जितकं खाली ओढेल तितकी साठलेली आम्लता जास्त.

माळाचा बफर सामू ६.७ आला, खालचा ६.३. सामू ६.० पर्यंत न्यायचा तर एसएमपी बफरच्या तक्त्यात पहिल्याला एकरी १.० टन आणि दुसऱ्याला २.७ टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. सारख्या सामूच्या दोन तुकड्यांत पावणेतीन पट फरक!

आणि पोत्यातली भुकटी शुद्ध नसते. आमच्या चुनखडीची आम्लता मारायची ताकद शुद्धाच्या ९० टक्के होती. त्यात ६० नंबरच्या चाळणीतून जाणारी पूड ६० टक्के, तिला पूर्ण गुण. मधली भरड ३० टक्के, तिला निम्मे. उरलेली १० टक्के जाड खडी, तिला शून्य. म्हणजे बारीकपणाचे गुण ०.७५. त्याला ०.९० ने गुणलं की ०.६७५. आता २.७ भागिले ०.६७५ म्हणजे चार टन. अण्णाची दहा पोती म्हणजे अर्धा टन. माळाची तिसऱ्या हिश्शाची गरज त्यात भागली, खालच्या तुकड्याची जेमतेम आठव्या हिश्शाची. हा कागद मी अण्णासमोर ठेवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

चार टन आम्ही दोन वर्षांत निम्मे-निम्मे टाकले, पावसाआधी दीड-दोन महिने, आडवं-उभं नांगरून मिसळून. नंतरच्या सोयाबीनच्या गाठी खालीही गुलाबी निघाल्या.

मग अण्णा दुसऱ्या टोकाला गेला, सामू सातपर्यंत न्यायचा म्हणाला. तेही चूक. सोयाबीनला ६.० ते ६.५ पुरतो. हलक्या माळावर जास्त चुना झाला की लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बटाटा घ्यायचा असेल तर सामू आणखी खालीच ठेवा, नाहीतर सालीवर खवडे येतात. रताळं आम्लता सोसतं. आणि पाणी साचणाऱ्या भाताच्या खाचरात सामू आपोआप वर चढतो, तिथे चुन्याची घाई नको. अण्णाला हे अजून पटलेलं नाही, पण खाचरात चुना टाकायचं त्याने थांबवलं आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तक्ता साधारण सहा-सात इंच खोलीचा असतो. रोटाव्हेटर चारच इंच जात असेल तर त्याच प्रमाणात कमी टाका. हलक्या जमिनीत, जिथे गरज थोडी, तिथे एसएमपीचा आकडा तितका भरवशाचा नसतो. म्हणून माळावर आम्ही आधी निम्मा टाकून पुन्हा तपासलं. काही प्रयोगशाळा दुसरं बफर वापरतात, त्याला हा तक्ता चालत नाही. वरचा हिशेब चुनखडीच्या भुकटीचा आहे. कळीचा चुना वजनाला जवळजवळ पावणेदोन पट तेज असतो, आणि जिप्समने सामू वाढत नाही.

तुमचा बफर सामू, बफरचं नाव आणि चुन्याच्या पोत्यावरची टक्केवारी कळवा, एकरी आकडा मांडून देतो.