७ मिमीची गाठ आणि सहा महिन्यांची वाट

प्रश्न: बाबांच्या लो-डोस सीटीत फुफ्फुसात ७ मिमीची सॉलिड गाठ दिसली, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी परत स्कॅन. लगेच बायोप्सी का नाही?

कारण पहिल्याच स्क्रीनिंगमध्ये दिसणाऱ्या एवढ्या छोट्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सर नसतात, जुन्या इन्फेक्शनचा व्रण किंवा छोटी लिम्फ नोड असते. आणि ७ मिमीवर सुई नेमकी लागणं अवघड, वर फुफ्फुसातून हवा गळून ते आकसायचा धोका. पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी साखर टोचून कुठल्या पेशी ती जास्त खेचतात ते बघणारी तपासणी, तीही ८ मिमीच्या खाली फारशी भरवशाची नाही.

म्हणून वाढ बघतात. पुढच्या वेळी ७.५ आली तर घाबरू नका, श्वास कमीजास्त घेतला तरी एवढा फरक पडतो, म्हणून साधारण दीड मिमीपेक्षा जास्त वाढ असेल तरच ती खरी धरतात. पण ९ आली तर? ऐकायला दोनच मिमी, पण गाठ गोल असते ना, त्यामुळे आकारमान दुपटीहून जास्त झालं, तेही सहा महिन्यांत, आणि कॅन्सर साधारण याच वेगाने वाढतो, मग पेट-सीटी आणि बायोप्सीचं बोलणं लगेच सुरू होतं. काही आठवड्यांतच दुप्पट झाली तर उलट इन्फेक्शनचा संशय जास्त.

कडा काटेरी असतील तर मात्र डॉक्टर एवढं थांबत नाहीत, रिपोर्टमध्ये ते बघा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला करा, जुनी सीडी नक्की न्या, नुसता रिपोर्ट नको, दोन्ही इमेज शेजारी ठेवून मोजल्या तरच वाढ कळते. मधे खोकल्यातून रक्त आलं किंवा वजन उतरलं तर तारखेची वाट बघू नका.