पॅलिंड्रोम नसलेल्या स्ट्रिंग्जचं व्याकरण: बाहेरून आत जाताना पहिली न जुळणारी जोडी

*प्रश्न: a आणि b वरच्या, पॅलिंड्रोम नसलेल्या सगळ्या स्ट्रिंग्जसाठी कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण लिहायचंय. पॅलिंड्रोमचं व्याकरण येतं मला, पण ते उलटं कसं करायचं ते कळत नाही. आणि प्रत्येक नियम का हवा तेही लिहायला सांगितलंय. कुणी समजावेल का?*

उलटं करायला जाऊ नका, तिथेच घोडं पेंड खातं. रेग्युलर भाषांच्या डिटर्मिनिस्टिक मशीनमध्ये स्वीकाराच्या आणि नकाराच्या अवस्थांची अदलाबदल केली की पूरक भाषा मिळते. ती सवय हाताला लागलेली असते, पण व्याकरणात अदलाबदल करण्यासारखं काही नसतंच. कॉन्टेक्स्ट-फ्री भाषेची पूरक भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री असेलच अशी हमीही नाही. इथे ती आहे, हे आपलं नशीब. तेव्हा पॅलिंड्रोमचं व्याकरण बाजूला ठेवा आणि वेगळा प्रश्न विचारा: एखादी स्ट्रिंग पॅलिंड्रोम नाही हे पटवायला किमान काय दाखवावं लागतं?

फक्त एक जोडी. डावीकडून k वं अक्षर आणि उजवीकडून k वं अक्षर वेगळं निघालं की काम झालं. बाकीच्या जोड्या जुळोत न जुळोत.

शाळेत आपण "ती होडी जाडी होती" उलटसुलट वाचायचो. ते अक्षर न अक्षर जुळतं. "चिमा काय कामाची" मात्र काटेकोर पाहिलं तर पॅलिंड्रोम नाहीच: सुरुवातीला ऱ्हस्व चि, शेवटी दीर्घ ची. टोकाची जोडीच फसली, मग आतलं "मा काय कामा" कितीही छान जुळत असलं तरी निकाल बदलत नाही. व्याकरणाला नेमकं हेच सांगायचंय.

```
S → aSa | bSb | aTb | bTa
T → aT | bT | ε
```

S म्हणजे "अजून न जुळणारी जोडी सापडलेली नाही". T म्हणजे "सापडली, आता आत काहीही चालेल". नियमांची सगळी कारणं या दोन वाक्यांतूनच निघतात, म्हणून उत्तरपत्रिकेत आधी ही दोन वाक्यं लिहा आणि मग नियमांकडे वळा.

aSa आणि bSb कशाला? न जुळणारी जोडी टोकालाच असेल असं नाही. aaba घ्या. टोकाला a आणि a, जुळतात. भांडण आतल्या ab मध्ये आहे. हे दोन नियम काढले तर aaba कधीच तयार होणार नाही.

aTb आणि bTa हेच व्याकरणाचं हृदय. S मधून बाहेर पडायची वाट फक्त या दोघांतून जाते, त्यामुळे न जुळणारी जोडी टाकल्याशिवाय कुठलीही स्ट्रिंग पूर्णच होऊ शकत नाही. म्हणूनच S → ε, S → a, S → b हे नियम इथे नकोत. पेपर तपासताना सर्वांत जास्त गुण मी याच चुकीला कापलेत. पॅलिंड्रोमच्या व्याकरणातून हात आपोआप ε लिहून जातो आणि मग S ⇒ aSa ⇒ aa असा चक्क पॅलिंड्रोम बाहेर येतो.

T चे तीन नियम मिळून a-b वरची कुठलीही स्ट्रिंग देतात, रिकामी धरून. ε विसरलात तर T कधी संपतच नाही आणि तुमचं व्याकरण एकही स्ट्रिंग देत नाही. काहीजण T ला वेगळं नावच देत नाहीत आणि S → aSb | bSa लिहून शेवटी ab | ba ठेवतात. त्यात विषम लांबीच्या सगळ्या स्ट्रिंग्ज जातात, आणि aaab सुद्धा जाते, कारण तिच्या पोटात aa आहे आणि S ला aa देता येत नाही. एकदा जोडी फसली की आतल्या भागावर अट उरत नाही, आणि ही सूट द्यायलाच वेगळं T लागतं.

एक लांब उदाहरण करून बघू, abaabba. बाहेरून जोड्या पाहा: a-a जुळलं, b-b जुळलं, मग डावीकडे a आणि उजवीकडे b. इथे फसलं. मधे एक a उरला.

```
S ⇒ aSa ⇒ abSba ⇒ abaTbba ⇒ abaaTbba ⇒ abaabba
```

आता सिद्धता. ती दोन्ही बाजूंनी लागते आणि बरेचजण एकच लिहून थांबतात.

पहिली बाजू: व्याकरणातून निघणारी प्रत्येक स्ट्रिंग पॅलिंड्रोम नसते. जोवर S शिल्लक आहे तोवर स्ट्रिंगचं रूप xSy असं असतं, आणि y म्हणजे x उलटा लिहिलेला. मग S च्या जागी aTb येतं (bTa चंही तसंच). x ची लांबी k - 1 असेल तर डावीकडून k व्या जागी a बसला आणि उजवीकडून k व्या जागी b. यापुढे T कितीही फुगला तरी तो मधोमध फुगतो, म्हणून टोकांपासून मोजलेल्या या दोन जागा हलत नाहीत. हे वाक्य जरूर लिहा, कारण सिद्धतेतला खरा मुद्दा हाच आहे.

दुसरी बाजू: पॅलिंड्रोम नसलेली प्रत्येक स्ट्रिंग निघते. w पॅलिंड्रोम नसेल तर न जुळणाऱ्या जोड्यांपैकी एक तरी असतेच. त्यातली सर्वांत बाहेरची निवडा. तिच्याबाहेरच्या सगळ्या जोड्या जुळतात, म्हणून त्या aSa, bSb ने उभ्या करा. ती जोडी aTb किंवा bTa ने टाका. आत जे काही उरलं ते T देतो. संपलं.

स्वतःची खात्री करायची असेल तर मोजून बघा. लांबी 4 च्या 16 स्ट्रिंग्ज असतात. त्यात पॅलिंड्रोम 4, कारण पहिली दोन अक्षरं ठरली की उरलेली ठरतात. म्हणजे 12 निघायला हव्यात. टोकाची जोडी फसवायचे 2 मार्ग आणि आत T च्या 4 स्ट्रिंग्ज, झाल्या 8. टोक जुळवायचे 2 मार्ग आणि आत लांबी 2 च्या ab, ba या 2, झाल्या 4. एकूण 12. लांबी 5 ला 24 येतात का ते तुम्ही करून बघा. आकडा कमी आला तर एखादा नियम राहिलाय. जास्त आला तर पॅलिंड्रोम घुसलेत, नाहीतर एकच स्ट्रिंग दोनदा मोजली जातेय.

दोनदा मोजण्यावरून आठवलं. पुस्तकांत किंवा मित्राच्या वहीत तुम्हाला S → XSX | aTb | bTa, X → a | b असंही दिसेल. तेही बरोबर आहे, भाषा तीच देतं. पण त्यात X दोन्हीकडे वेगवेगळी अक्षरं देऊ शकतो, म्हणून aabb दोन प्रकारे निघते: एकदा टोकाच्या a-b ला साक्षीदार धरून, एकदा आतल्या. व्याकरण संदिग्ध झालं. वरच्या माझ्या व्याकरणात साक्षीदार कायम सर्वांत बाहेरची जोडीच असते आणि ती एकच असते, त्यामुळे प्रत्येक स्ट्रिंगचं एकच झाड निघतं. प्रश्नात "असंदिग्ध" हा शब्द नसेल तर दोन्हींना पूर्ण गुण मिळायला हवेत.