कुलदैवत घराचं, इष्टदेव तुझा

तुमच्या घरात तुळजाभवानी आणि तुझा जीव विठ्ठलात, म्हणून तू घाबरलीस. घाबरू नकोस गं. कुलदैवत वंशाकडून येतं, ते कुणी निवडत नाही. इष्टदेव मात्र ज्याचा त्यानं धरायचा असतो.

माझंही तसंच होतं. सासरी देव्हाऱ्यात भवानीचा चांदीचा टाक, आणि माझ्या तोंडी सारखं विठ्ठलाचं नाव. टाक बाजूला सारून मी तिथं विठ्ठलाची मूर्ती ठेवली, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चूक माझीच होती. आता टाक जागेवर आहे. नवरात्रात घट बसतो, घटावर रोज माळ चढते, लग्नानंतर गोंधळही घातला. हा कुळाचार घराचा, तो मोडायचा नाही. पहाटेचा जप मात्र माझ्या विठ्ठलाचा.

पंचायतनातसुद्धा शिव, विष्णू, देवी, गणपती, सूर्य हे पाचही असतातच, फक्त आपला इष्ट मधे बसतो.

तू आधी सहा महिने एकच नाम घे. संकटात आपसूक कुणाचं नाव तोंडी येतं, ते बघ. दर महिन्याला देव बदलत असशील, तर अजून ठरवू नकोस.