सरासरीवर पाकिटं भरू नका

प्रश्न : रोजंदारीवर आहे. कधी आठवड्याला सहा दिवस काम, कधी दोनच. पाकिटं करून खर्च वाटून पाहिला, तिसऱ्या आठवड्यात सगळं विस्कटलं. आपल्यासारख्यांना बजेट जमतं का?

जमतं. पण तिसऱ्या आठवड्यात विस्कटलं म्हणता, म्हणजे तुम्ही त्या त्या आठवड्याची मजुरी थेट पाकिटात घालत असणार. सहा हजेऱ्यांच्या आठवड्यात पाकिटं फुगतात, हात सैल होतो, आणि दोन हजेऱ्यांच्या आठवड्यात भाड्याच्या पाकिटातून किराणा येतो. मीही तेच करायचे.

माझं आणि दादाचं यावरून भांडण झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हजेरीच्या खुणा करते. एकदा बारा आठवडे मोजले : ६, ५, ६, ४, ६, २, ५, ६, ०, ३, ६, ५. एकूण ५४. दादा म्हणाला, बाराने भाग, साडेचार आले, दर आठवड्याला साडेचार हजेऱ्यांचे पैसे खर्चाला काढ. हिशेब बरोबर वाटला. मी पुढचे तीन महिने तसंच केलं, आणि कामही जवळपास त्याच क्रमाने आलं. आठव्या आठवड्याअखेर खात्यात चार हजेऱ्या शिल्लक होत्या. नवव्यात काम बंद. साडेचार काढायचे तर अर्धी कमी पडली. दहाव्यात तीनच दिवस भरले, खड्डा दोन हजेऱ्यांचा झाला. मुकादमाकडून उचल घेतली आणि पुढच्या दोन आठवड्यांत ती कापून गेली. बाराव्या आठवड्याअखेर हिशेब शून्यावर आला, दादाच्या म्हणण्याप्रमाणे अगदी बरोबर! पण मधे मला हात पसरावा लागला, तो त्याच्या भागाकारात कुठेच दिसत नाही.

तेच आकडे घेऊन आठवड्याला चारच हजेऱ्या काढल्या असत्या, तर नवव्या आठवड्यानंतरही चार शिल्लक राहिल्या असत्या, दहाव्यानंतर तीन. फरक फक्त अर्ध्या हजेरीचा. म्हणून सरासरी काढा, पण तिच्यापेक्षा खालचा आकडा धरा, आणि तो आपल्याच खुणांवर एकेक आठवडा चालवून बघा. शिल्लक कुठे शून्याखाली जाते का, एवढंच बघायचं.

आता माझी रीत अशी. मजुरी मिळाली की सगळी खात्यात. ठरलेल्या एकाच दिवशी चार हजेऱ्यांचे पैसे काढायचे, आठवडा सहा दिवसांचा गेलेला असो की एका दिवसाचा. पाकिटं चारच. किराणा दीड, भाडं एक, येणं-जाणं अर्धी, आणि शाळा-औषध-मोबाईल मिळून एक. आधी नऊ पाकिटं होती, त्यांची सारखी अदलाबदल व्हायची. भाडं महिन्याला चार हजेऱ्यांचं आहे, म्हणून आठवड्याला एक. वर्षात आठवडे ५२, महिने १२, त्यामुळे त्या पाकिटात वर्षाला चार हजेऱ्या जास्तीच्या साठतात. त्यांना हात लावायचा नाही, वर्षातून एकदा येणारे खर्च त्यातूनच निघतात.

खात्यात दोन आठवड्यांचा खर्च, म्हणजे आठ हजेऱ्या होईपर्यंत चारच्या वरचं काही काढायचं नाही. शिल्लक एका आठवड्याच्या खर्चाखाली आली की त्याच आठवड्यापासून काढायची रक्कम अर्ध्या हजेरीने कमी करायची. पुढे काम येईलच म्हणून थांबायचं नाही. आणि एकाच पाकिटातून सलग दोन आठवडे दुसऱ्यात पैसे गेले, तर चूक आपल्या हाताची नाही, त्या पाकिटावर लिहिलेल्या आकड्याची आहे. तो खोडून नवा लिहायचा.

किमान शिल्लक ठेवावी लागणार नाही असंच खातं घ्या, नाहीतर साठवलेल्यातूनच दंड कापला जाईल. ते खातं मोबाईलवरून पैसे देण्याच्या अॅपला जोडू नका. माझं जोडलेलं होतं तेव्हा पाकिटं नुसती नावाला होती.

दादा अजून म्हणतो, उचल मिळते तर बँकेत कशाला गुंतवायचे. उचल म्हणजे पुढच्या आठवड्याची आपलीच मजुरी. ती घेतली की जास्त पैसे देणारं दुसरं काम आलं तरी जाता येत नाही, आधी फेडावी लागते. मला त्या वेळी तसं एक काम सोडावं लागलं. खात्यात आठ हजेऱ्या असत्या तर मी गेले असते.

हो, एक राहिलं. व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर आठवर थांबू नका, चार हजेऱ्या साठल्या की वरचं सगळं कर्जाला लावा. आणि मंदीच्या महिन्यांतल्या हजेऱ्यांत भाडं आणि किराणाच निघत नसेल, तर पाकिटं काही करू शकत नाहीत. तिथे भाडं तरी कमी करावं लागतं, नाहीतर दुसरं काम शोधावं लागतं.